बोट सरळ होत नाही तेव्हा



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी इथे जमतो, त्या डॉक्टरसाहेबांनी या गावात आयुष्यभर जनरल प्रॅक्टिस केली. त्यामुळे आजचं व्याख्यान मोठ्या शस्त्रक्रियांवर नको, साध्या दवाखान्याच्या दारात जे येतं त्यावर हवं, असं मला वाटलं. म्हणून मी एका बोटाची हकीगत सांगणार आहे. तिच्यात झालेली पहिली चूक माझी आहे. एवढ्या वर्षांनी ती उघडपणे सांगायला हरकत नाही. सांगितली पाहिजेच.

नव्वदचं दशक होतं. मी कृष्णाकाठच्या एका तालुक्यात सरकारी रुग्णालयात नवीन वैद्यकीय अधिकारी होतो. जानेवारी महिना, साखर कारखान्याचा हंगाम भरात. बीडकडून आलेल्या टोळ्या फडात उतरलेल्या. त्यातली एक बाई मंगळवारी संध्याकाळी ओपीडीत आली. वय पंचेचाळीसच्या आसपास. रविवारी सरपण गोळा करताना डाव्या अनामिकेत बाभळीचा काटा गेला होता, तो तिने सुईने उकरून काढला होता. सोमवारी ती फडात गेली, कारण खाडा केला तर मुकादम पैसे कापणार. सोमवारी रात्री बोट ठणकायला लागलं. मंगळवारी ते सुजलं होतं आणि अर्धवट वाकलेलं होतं.

मी ते बोट टेबलापलीकडून पाहिलं. हातात घेतलं नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, अँटिबायोटिकच्या गोळ्या आणि वेदनाशामक लिहिलं, आणि चिठ्ठीच्या खाली लिहिलं, 'तीन दिवसांनी दाखवा.'

ते बोट मी हातात घेतलं असतं तर मला काय कळलं असतं, ते आता सांगतो.

आपला तळहात समोर धरा आणि अनामिका वाकवा. बोटात स्नायू नाहीत. बोट वाकवणारे स्नायू कोपराखाली, हाताच्या पुढल्या भागात असतात. तिथून दोरीसारख्या कंडरा निघतात, मनगटातून तळहातात येतात आणि बोटाच्या हाडांना चिकटतात. आपण बोलताना त्यांना 'शिरा' म्हणतो, 'शीर आखडली' म्हणतो, पण ही रक्ताची शीर नव्हे. बोटाच्या मुळापासून शेवटच्या सांध्यापर्यंत ही कंडरा एका नळीत सरकते. तलवारीला म्यान असतं तशी ही नळी, म्हणून मी तिला म्यानच म्हणतो. म्यानाच्या आत अगदी थोडा, तेलासारखा द्रव असतो. त्यामुळे कंडरा घासत नाही. म्यानावर जागोजाग घट्ट कड्या असतात, मासे धरायच्या काठीवर दोरा धरून ठेवणाऱ्या कड्यांसारख्या. त्या नसत्या तर बोट वाकवताना कंडरा हाडापासून सुटून धनुष्याच्या दोरीसारखी वर आली असती.

आता या व्यवस्थेतली कमजोरी पाहा. म्यान दोन्ही टोकांना बंद आहे आणि कड्यांमुळे ते फुगू शकत नाही. कंडरेला रक्तपुरवठा मुळातच थोडा. हाडाकडून येणाऱ्या काही नाजूक पडद्यांमधून तो येतो, आणि बाकीचं पोषण त्या तेलकट द्रवातूनच होतं. काट्याच्या टोकावर बसून जंतू या नळीत गेले की तो द्रव त्यांचं खाद्य बनतो. पू होतो. पुवाला जायला वाट नाही, म्हणून आतला दाब वाढतो. पडद्यांमधल्या बारीक रक्तवाहिन्या त्या दाबाने मिटतात. रक्त थांबलं की रक्ताबरोबर येणारं औषधही थांबतं. गोळी घ्या किंवा शिरेतून द्या, औषध रक्तातून सगळ्या शरीरात फिरतं, पण जिथे त्याची गरज आहे त्या नळीत ते पुरेसं पोचत नाही. आणि आत कंडरा उपासमारीने मरत असते. तापाची वाट पाहत बसू नका. पुष्कळ पेशंटना ताप नसतो, आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा रिपोर्टही चक्क नॉर्मल येऊ शकतो.

शिकागोचे सर्जन अ‍ॅलन कॅनाव्हेल यांनी शंभरहून अधिक वर्षांपूर्वी याच प्रश्नावर काम केलं. मृतदेहांच्या हातांतल्या म्यानांमध्ये आणि तळहाताच्या पोकळ्यांमध्ये त्यांनी प्लॅस्टर ऑफ पॅरिस भरलं आणि दाब वाढवल्यावर ते कुठून फुटून कुठे जातं, ते पाहिलं. पुवाची वाट त्यांनी अशी नकाशासारखी काढली. १९१२ साली त्यांचा हाताच्या जंतुसंसर्गावरचा ग्रंथ आला. पेनिसिलिन तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. फ्लेमिंग यांचा शोध १९२८चा. म्हणजे कॅनाव्हेल यांच्याकडे औषध नव्हतंच. होती ती फक्त तपासणारी बोटं आणि सुरी, आणि म्हणून त्यांचं निरीक्षण इतकं काटेकोर झालं असावं. आज आमच्याकडे औषधं आहेत म्हणून आम्ही ते वाचत नाही, ही खरी अडचण आहे.

त्यांच्या नावाने चार खुणा ओळखल्या जातात. तीन त्यांनी सुरुवातीलाच सांगितल्या, एक पुढे जोडली. पहिली, बोट आपोआप थोडं वाकलेलं राहतं, कारण त्या स्थितीत म्यानात सर्वांत जास्त जागा मिळते. दुसरी, सगळं बोट सारखं सुजतं. एका जागी गळवासारखा फुगवटा येत नाही, मुळापासून टोकापर्यंत गाजरासारखं भरीव दिसतं. तिसरी, म्यानाच्या रेषेवर दाबलं की दुखतं. बोथट पेनाचं टोक किंवा आगकाडीचं मागचं टोक घेऊन बोटाच्या पोटावरून तळहाताच्या वरच्या आडव्या रेषेपर्यंत हलक्या हाताने दाबत या. म्यान जिथे संपतं तिथे दुखणंही संपतं. चौथी खूण मला सर्वांत मोलाची वाटते, कारण बहुधा तीच आधी दिसते. पेशंटचं बोट नखापाशी धरायचं, सुजेला हात लावायचा नाही, आणि टोक केसभर वर उचलायचं. म्यान सुजलेलं असेल तर बोटाच्या सगळ्या लांबीभर कळ जाते. माणूस हात मागे ओढतो. साध्या वरवरच्या सुजेत असं होत नाही. तिथे दुखतं एका ठिकाणी आणि बोट बऱ्यापैकी हलतं.

हे करायला यंत्र लागत नाही. अर्धं मिनिट लागतं. मंगळवारी संध्याकाळी माझ्याकडे ते अर्धं मिनिट होतं.

एक सावधगिरी मात्र ठेवायची. चारही खुणा जुळल्या तरच रोग, असं नाही. पहिल्या दिवशी एखादीच असते. ज्यांच्या हाताची संवेदना मधुमेहाने बोथट झाली आहे त्यांना कळ कमी जाणवते, आणि ज्याने वेदनाशामक घेतलंय त्याचीही फसगत होते. लहान मुलं तपासूच देत नाहीत. उलट, युरिक अ‍ॅसिड वाढलेल्या माणसाचं बोट एका रात्रीत असंच सुजून लाल होऊ शकतं. म्हणून एखादी खूण जरी दिसली, तरी निकाल आपण देऊ नये; बोट हाताच्या सर्जनला दाखवावं, आणि त्याच दिवशी दाखवावं.

आपल्याकडे बोट दुखलं की 'नखुरडं झालं' म्हणतात आणि लिंबू खोचतात, नाहीतर हळद-गुळाचं पोटीस बांधतात. नखाच्या कडेला होणारं नखुरडं वेगळं. तो पू वरवर असतो, लवकर दिसतो, लवकर निघतो. पण लिंबाखाली बोट झाकून ठेवलं की ते वाकलंय का, सूज कुठवर गेली, हे कुणाला दिसतच नाही. बिबा लावला तर कातडी भाजते आणि तपासणं आणखी अवघड होतं. एवढ्यासाठीच म्हणतो, दुखतं बोट उघडं ठेवा आणि दिवसातून चार वेळा बघा.

आता त्या बाईकडे परत जाऊ. बुधवारी माझ्या गोळ्यांनी दुखणं थोडं बोथट झालं आणि तिने ऊस तोडला. बुधवारची रात्र तिने कोपीत बसून काढली. हात खाली सोडला की ठणका असह्य व्हायचा. गुरुवारी मध्यरात्री ठणका एकाएकी उतरला. तिला वाटलं, गुण आला. घरच्यांनाही तसंच वाटलं. प्रत्यक्षात म्यान फुटलं होतं. दाब गेला म्हणून दुखणं कमी झालं, आणि पू तळहाताच्या खोल पोकळीत उतरला. बोटाचं दुखणं असं अचानक थांबलं आणि बोट मात्र वाकलेलंच राहिलं, तर ती सुटका समजू नये.

तळहातात कंडरांच्या खाली, हाडांच्या वर दोन मोकळ्या जागा असतात. मधल्या बोटाच्या हाडापासून निघणारा एक पडदा त्यांना वेगळं करतो. अंगठ्याकडची एक, करंगळीकडची दुसरी. तर्जनीचं म्यान फुटलं तर पू बहुधा अंगठ्याकडच्या जागेत जातो, मधल्या बोटाचं किंवा अनामिकेचं फुटलं तर करंगळीकडच्या जागेत. करंगळी आणि अंगठा यांची म्यानं तर थेट मनगटापर्यंत जातात, आणि पुष्कळ माणसांत ती तिथे एकमेकांना मिळतात. त्यामुळे करंगळीतला पू मनगटातून फिरून अंगठ्यात वर चढू शकतो, घोड्याच्या नालाच्या आकारात. करंगळी दुखते म्हणून आलेल्या माणसाचा अंगठा न तपासता त्याला घरी पाठवू नये, ते यासाठी.

शुक्रवारी सकाळी तिच्या हाताची पाठ टम्म फुगली. इथे सगळ्यात मोठी फसवणूक होते. तळहाताची कातडी जाड आहे आणि खालच्या पडद्याला घट्ट बांधलेली आहे. ती फुगत नाही. हाताच्या पाठीची कातडी सैल आहे, आणि तळहातातला लसीका-द्रव तिकडेच वाहून जातो. त्यामुळे पू तळहातात असतो आणि सूज पाठीवर दिसते. टोळीतल्या कुणीतरी ब्लेड तापवून पाठीवर चीर दिली. निघालं फक्त पाण्यासारखं रक्त. त्याला मी दोष देत नाही; शिकलेले डॉक्टरही त्या जागी फसतात. अशा वेळी हात उलटा करायचा आणि तळहाताचा खळगा बघायचा. ओंजळ केल्यावर पाणी जिथे साठतं, तो खळगा. तो भरून सपाट झाला असेल, तिथे मधोमध दाबल्यावर माणूस कळवळत असेल, तर पू तिथे आहे, पाठीवर काहीही दिसो. पू दोन बोटांच्या बेचक्यात असेल तर ती दोन बोटं एकमेकांपासून फाकून राहतात. तीही लक्षात ठेवण्यासारखी खूण.

शुक्रवारी संध्याकाळी ती आली. मी लिहिलं होतं तसं, बरोबर तिसऱ्या दिवशी. हा तपशील माझ्या डोक्यातून कधी गेला नाही. तिने माझं सांगणं तंतोतंत पाळलं होतं.

रुग्णवाहिकेतून मी तिच्याबरोबर जिल्ह्याच्या ठिकाणी गेलो. रक्तातली साखर ३४० निघाली. मधुमेह आहे हे तिला तेव्हाच पहिल्यांदा कळलं. तिथल्या ज्येष्ठ सर्जननी बोट नखापाशी धरून उचललं, तळहात पाहिला आणि थिएटर तयार करायला सांगितलं. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. 'सकाळच्या यादीत घेऊ' असं ते म्हणाले नाहीत.

भूल काखेतून दिली, संपूर्ण हाताला. सुजलेल्या बोटात सुई घालून तिथे औषध भरायचं नसतं, आधीच दाब जास्त असतो. एरवी रक्त कमी करण्यासाठी हाताला खालून वर पट्टा आवळतात. इथे तसं करत नाहीत, पू वर ढकलला जाईल म्हणून. हात नुसता काही मिनिटं उंच धरला आणि मग दंडाचा पट्टा फुगवला. तळहातात चीर दिली तेव्हा पू दाबाने बाहेर आला. तो प्रयोगशाळेत पाठवायला बाटलीत घेतला. अनामिकेच्या बाजूने दुसरी चीर दिली. बोटाच्या पोटावर मधोमध, घड्या ओलांडून उभी चीर देऊ नये, तिचा व्रण आखडतो आणि बोट कायमचं वाकतं, हे त्या रात्री मला प्रत्यक्ष दाखवलं गेलं.

निरोगी कंडरा मोत्यासारखी चकाकते. तिची कंडरा राखाडी होती, भिजलेल्या सुतळीसारखी धागे धागे झालेली. मेलेला भाग काढावा लागला.

तीच बाई मंगळवारी माझ्याकडून पुढे गेली असती तर? त्या अवस्थेत द्रव नुसता गढूळ असतो, कंडरा जिवंत असते. अशा वेळी दोन लहान चिरा पुरतात. एक बोटाच्या मुळाशी तळहातात, एक शेवटच्या सांध्याजवळ. वरच्या चिरेतून बारीक नळी म्यानात घालायची आणि सलाइन सोडत राहायचं, खालून स्वच्छ पाणी येईपर्यंत. मग जखम टाके न घालता किंवा सैल टाके घालून ठेवायची, आणि एक-दोन दिवसांत बोट हलवायला लावायचं. अगदी पहिल्या दिवशी, खुणा सौम्य असताना आलेल्या माणसाला कधीकधी शस्त्रक्रियाही लागत नाही. पण ते घरी गोळ्या देऊन करायचं काम नाही. दाखल करायचं, शिरेतून अँटिबायोटिक द्यायचं, हात फळीवर बांधून उंच टांगायचा आणि बारा तासांनी पुन्हा तेच बोट नखापाशी धरून उचलून बघायचं. फरक नसेल तर थिएटर. चोवीस तासांपेक्षा जास्त थांबायचं नाही. पहिले दोन दिवस आणि नंतरचे दिवस यांत कंडरेचं जगणं-मरणं ठरतं.

तिचा हात ४८ तासांनी पुन्हा धुतला, त्यानंतर आणखी एकदा. साखर इन्सुलिनने आटोक्यात आणली. हात वाचला, जीव वाचला. अनामिका लाकडासारखी ताठ राहिली. दोन महिन्यांनी ती स्वतःच म्हणाली, "हे बोट काढा डॉक्टर, मोळी बांधताना दर वेळी मधे येतंय." ऊस धरायचा तो डाव्या हातानेच. बोट काढलं. पुढल्या हंगामात ती परत आली का, मला माहीत नाही. मी बदली होऊन गेलो होतो.

दोन गोष्टी ओघात सांगून ठेवतो, कारण त्या विचारल्या जातातच. मारामारीत समोरच्याच्या दातावर मूठ आपटून बोटाच्या पेराशी झालेली जखम तांदळाच्या दाण्याएवढी दिसते, आणि लाजेपायी लोक 'पत्रा लागला' म्हणून सांगतात. दात सांध्यात घुसलेला असतो. मूठ उघडली की कातडी सरकते आणि जखमेचं तोंड झाकलं जातं. ती जखम खरं सांगून दाखवावी, तिचे टाके घालून घेऊ नयेत. दुसरं, बोटाच्या टोकाला पाण्यासारख्या बारीक फोडांचा पुंजका येऊन ते जळजळत असेल, तर ती बहुधा हर्पिस विषाणूची करणी असते. दंतवैद्य आणि परिचारिकांमध्ये ती दिसते. त्यात पू नसतो, आणि तिथे चीर दिली तर नुकसानच होतं. चीर कुठे द्यायची यापेक्षा कुठे द्यायची नाही, हे कळायला मला अधिक वर्षं लागली.

बोट असं सुजलं तर त्या रात्री घरी बसलेल्या माणसाने काय करावं? अंगठी आणि बांगड्या ताबडतोब काढाव्यात; निघत नसतील तर सोनाराकडून कापून घ्याव्यात, सोनं पुन्हा जोडता येतं. हात छातीपेक्षा उंच धरावा. सूज जिथवर आहे तिथे पेनाने रेष ओढून शेजारी वेळ लिहावी. निघताना चहा-बिस्किटाचा आग्रह करू नये, रात्रीच भूल द्यावी लागली तर पोट रिकामं हवं. मधुमेहाचं औषध चालू असेल तर तेवढं डॉक्टरांना आधी सांगावं. आणि एक्स-रेमध्ये काही दिसलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नये. बाभळीचा काटा एक्स-रेमध्ये दिसत नाही. सोनोग्राफीत पुष्कळदा सापडतो.

या सभागृहात माझे बरेच डॉक्टर मित्र आहेत, आशाताई आहेत, कारखान्याच्या दवाखान्यातले कंपाउंडरही आलेले दिसतात. तुम्हा सगळ्यांना माझी विनंती आहे. वाकलेलं, सुजलेलं बोट समोर आलं की ते नखापाशी धरून उचला. कळ आली तर चिठ्ठीवर 'तीन दिवसांनी' लिहू नका. काटा कधी लागला, दुखणं कधी सुरू झालं, शेवटचं कधी खाल्लं, एवढं लिहा, आणि माणसाला त्याच रात्री पुढे पाठवा. मुकादम खाडा लावील म्हणून एखादी बाई नको म्हणेल. तिच्याशी बोला, मुकादमाला फोन करा, गाडीत बसवून द्या.